काम थांबल्यापासून वजन का वाढतंय? टॉवेल कारखान्यातल्या जॉबरकाकांना उत्तर

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार. वय 61. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, दीड वर्षापूर्वी काम सोडलं. तेव्हा वजन 64 किलो होतं, आता 71 भरतंय. उंची 5 फूट 5 इंच. जेवण वाढलेलं नाही, उलट कमीच झालंय, रोज सकाळी अर्धा तास फिरतो पण. बीपीची एक गोळी चालू हाय, शुगर मागच्या वर्षी नॉर्मल होती. मग वजन कशानं वाढायलंय? थायरॉइड असेल का?

उत्तर:

काका नमस्कार. जेवण कमी झालंय असं तुम्ही म्हणता ते मी खरंच धरून चालतोय. बरेच जण इथंच पेशंटला खोटं पाडतात, "काहीतरी खात असणारच तुम्ही" म्हणून, आणि मग माणूस गप्प बसतो, परत विचारतच नाही. तुमचं जेवण कमी झालंय हे बरोबर आणि वजन वाढतंय हे पण बरोबर, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कसं ते आधी सांगतो, थायरॉइडचं नंतर बघू.

जॉबरचं काम मला माहिताय, माझ्याकडं अशोक चौक, साईबाबा चौक भागातले बरेच कारखान्यातले पेशंट येतात. आठ तासात जॉबर बसतो किती वेळ? चहाला आणि डब्याला, बास. बाकी सगळा वेळ या मागावरनं त्या मागावर, कुठं धागा तुटतोय, कुठं माग बंद पडलाय, वाकून खाली हात घालायचा, पाना फिरवायचा, उभं राहून बघायचं परत चालू झाला का, बीम बदलायचा असेल तर दोघातिघांनी मिळून उचलायचा. यातलं एकही काम तुम्हाला कधी व्यायाम वाटलं नसणार. घाम यायचा तो शेडमधल्या उकाड्यानं असं वाटायचं. पण शरीर त्याचा हिशोब ठेवत होतं.

तो हिशोब असा. 64 किलोचा माणूस नुसता खुर्चीत बसून टीव्ही बघतो तेव्हा तासाला साधारण 80 कॅलरी जळतात. तोच माणूस शेडमध्ये उभा राहून, चालत, वाकत काम करतो तेव्हा तासाला 160 ते 180. म्हणजे दर तासाला 80 ते 100 चा फरक. आठ तासाचे धरले तर 650 ते 800 होतात. पण घरी तुम्ही काय आठही तास खुर्चीत नसता, थोडं इकडं तिकडं होतंच, शिवाय कामाला आठवड्याची सुट्टी पण असायची, म्हणून मी हात राखून धरतो, रोजचे 500. म्हणजे काम थांबलं त्या दिवसापासून तुमच्या शरीराचा रोजचा खर्च 500 कॅलरीनं उतरला.

आता सकाळचं फिरणं. अर्धा तास, आपल्या बेतानं, ओळखीचं कोणी भेटलं की थांबत, बोलत. त्यात बसून राहण्यापेक्षा जास्तीचे जळतात 60 ते 70. एवढेच. ऐकून वाईट वाटेल, पण हे आकडे माहीत नसले की माणूस म्हणतो मी तर फिरतोय, मग वजन का वाढतंय. फिरणं बंद करू नका, हृदयाला, बीपीला, शुगरला, झोपेला त्याचा फायदा वेगळा आहे आणि तो मोठा आहे. फक्त आठ तास पायावर असण्याची भरपाई त्या अर्ध्या तासात होत नाही.

500 मधून 70 गेले, राहिले 430. आता जेवण. समजा पूर्वी दोन वेळा दोन-दोन भाकरी होत्या, आता दीड-दीड झाल्या आणि रात्रीचा भात थोडा कमी केला, तर साधारण 250 कॅलरी कमी झाल्या. म्हणजे तुम्ही खरंच कमी खाताय. पण खर्च 430 नं उतरला आणि खाणं 250 नं, मधले 180 रोज शिल्लक राहतात आणि ते चरबी म्हणून साठतात. हे 180 ताटात दिसत नाहीत. दोन चमचे साखरेचा एक चहा आणि त्याच्याबरोबर दोन खारी, झाले पूर्ण. म्हणून तुम्हाला कळलं नाही आणि कोणालाच कळत नाही.

थोडं पुढं जातो, कारण हा भाग समजला की घाबरणं कमी होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. रोज 180 शिल्लक, दीड वर्षाचे धरले तर 12 किलोच्या वर वाढायला पाहिजे होतं, तुमचं वाढलं 7. मग बाकीचं कुठं गेलं? तर वजन वाढलं की तेच जड शरीर चालवायला, उठवायला, नुसतं जिवंत ठेवायला पण जास्त खर्च येतो. दर एक किलो वाढीमागं रोजचा खर्च 20-25 कॅलरीनं वाढतो. म्हणजे 7 किलो वाढल्यावर रोजचे जवळजवळ 160-170 जास्त जळायला लागले आणि ती 180 ची शिल्लक आता जवळपास संपत आली. म्हणून असं होतं की काम सुटल्यावर पहिल्या वर्षात वजन भरभर वाढतं, मग हळू होतं आणि दोन-तीन वर्षांत एका ठिकाणी थांबतं. तुमचं पहिल्या सहा-आठ महिन्यांत जास्त वाढलं असेल आणि गेल्या चार महिन्यांत किलोभरच, असं असेल तर समजायचं की हाच हिशोब चालू आहे. याच्या उलट, वर्षभर वजन जागेवर होतं आणि गेल्या दोन महिन्यांतच चार-पाच किलो वाढलं असेल तर मात्र कारण दुसरं आहे, ते शोधायला लागतं. तेव्हा आठवून बघा आणि मला सांगा.

आता तुम्ही म्हणाल, काम कमी झालं तर भूकपण तेवढी कमी व्हायला पाहिजे ना? तेवढी होत नाही, आणि हे कळलं ते गिरणी कामगारांवरनंच. 1956 साली ज्याँ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या पुरुषांचा अभ्यास छापला. कोण किती खातो, किती कष्टाचं काम करतो आणि वजन किती. मध्यम ते जड काम करणाऱ्यांमध्ये असं दिसलं की काम वाढलं की खाणं वाढतं आणि वजन जागेवर राहतं, म्हणजे भूक बरोबर हिशोबानं चालते. पण बसून काम करणारे जे होते, कारकून, दुकानात बसणारे, त्यांच्यात हा मेळच तुटला होता, काम कमी असून खाणं कमी नव्हतं, उलट काहींचं जास्तच होतं आणि वजनं पण जास्त होती. थोडक्यात, हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेला खर्चाचा अंदाज येईनासा होतो. तुम्ही 35-40 वर्षं त्या मेळ बसणाऱ्या बाजूला होतात, पोटभर खाल्लं तरी चालायचं, वजनाकडं बघायची गरजच पडली नाही. आता तुम्ही दुसऱ्या बाजूला आलात. यात तुमच्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही.

अजून एक गोष्ट सगळे सांगतात, वय झालं की मेटाबॉलिझम स्लो होतो. 2021 मध्ये बऱ्याच देशांतल्या हजारो लोकांची मोजमापं एकत्र करून एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की शरीराच्या आकारमानाचा हिशोब काढून टाकला तर 20 ते 60 वयात हा खर्च जवळपास सारखाच राहतो आणि 60 नंतर वर्षाला 1 टक्क्याच्या पण आतच उतरतो. दीड वर्षात यातनं तुमचे रोजचे 20-25 कॅलरी फरक पडला असेल फार तर. तेव्हा वयावर ढकलून सोडून देऊ नका, मोठा वाटा काम थांबण्याचाच आहे, आणि तो आपल्या हातातला आहे.

आता काय करायचं. मी तुम्हाला रोज दीड तास फिरा असं सांगणार नाही, गुडघे धरतील, आणि आपल्याकडं मार्च ते जून ऊन असं असतं की सकाळी आठनंतर बाहेर फिरणं 61 वर्षांच्या बीपीच्या माणसासाठी बरोबर नाही. जे गेलंय तेच परत आणायचं, म्हणजे दिवसभर विखुरलेली हालचाल. तुमच्या फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप बहुतेक असेलच, नातवाला विचारा, चालू करून देईल. चार दिवस काही न बदलता नुसतं बघा. काम सुटलेल्या माणसाचं फिरणं धरून पण तीन-चार हजार पावलांवर येतं. जॉबर शेडमध्ये दहा हजाराच्या वर सहज जातो. तुम्हाला एकदम दहावर जायचं नाही, पंधरा दिवसाला हजार-हजार वाढवत सात-आठ हजारावर आणायचं आणि ते एका दमात नाही, दिवसभरात.

कसं ते सांगतो. सकाळचं फिरणं आहे तसं ठेवा, कंबर तलावाला जा, सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला जा, जिथं तुमचं मन लागतं तिथं, फक्त त्यातली मधली दहा मिनिटं पाय उचलून चालायचं, एवढं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. नंतर ऊन चढायच्या आत भाजीला, दुधाला, लाइट बिलाला जे जवळ असेल ते पायी, गाडी काढायचीच नाही. दुपारी जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, घरातल्या घरात दहा मिनिटं येरझाऱ्या, मग झोप, आणि झोप अर्धा तास, अलार्म लावून. दोन-दोन तास दुपारची झोप ही काम सुटल्यावर लागलेली सवय आहे, त्यानं रात्रीची झोप बिघडते, रात्री जागं राहिलं की फरसाणाचा डबा उघडतो. संध्याकाळी ऊन उतरलं की गच्चीवर झाडांना पाणी, घरातली दुरुस्ती, पंख्याची आवाज करणारी बेअरिंग, नळाचं वॉशर, तुमच्या हाताला हे येतंच. आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं गल्लीत चक्कर. जेवणानंतरच्या या चकरेचा शुगरवर चांगला परिणाम होतो, ही चुकवू नका.

एक खुलासा, नुसतं उभं राहण्यानं काही फार होत नाही. बसण्यापेक्षा नुसतं एका जागी उभं राहिलं तर तासाला 10 च्या आसपासच कॅलरी जास्त जळतात. कट्ट्यावर उभं राहून दोन तास गप्पा मारल्या तर 20 कॅलरी, काही हाती लागत नाही. पाय हलले पाहिजेत, वाकणं, उचलणं, चालणं पाहिजे. असं हलतं-फिरतं काम दिवसात दोन तास वाढलं तर 160 च्या आसपास जळतील, म्हणजे जी शिल्लक आपण वर काढली जवळपास तेवढीच. आणि कारखानदारानं नवीन पोरांना शिकवायला अर्धा दिवस बोलावलं, तब्येत चांगली असेल तर माझी काही हरकत नाही, फक्त कानात कापसाऐवजी चांगले इअरप्लग घाला, आतापर्यंत जेवढं ऐकू येणं गेलं तेवढं बास.

आता खाण्याचं. भाकरी बंद करू नका. आपल्या ज्वारीच्या भाकरीनं वजन वाढत नाही असंही नाही, एक मध्यम भाकरी 180-200 कॅलरीची असतेच, पण ती पोट भरते, जास्त वेळ टिकते, बरोबर भाजी-आमटी जाते. वाढ होते ती भाकरीच्या आजूबाजूला. शेंगा चटणी घ्या. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. चटणी एक चमचा कोरडी खाल्ली तर 50-60 कॅलरी, चांगली वस्तू आहे, खा. पण आपण काय करतो, दोन-तीन चमचे वाढून घेतो आणि वर तेल ओततो, एक चमचा तेल म्हणजे अजून 45, तिथंच दोनशेच्या वर गेलं आणि ते जेवणात कोणी धरतच नाही. पूर्वी शेडमधल्या आठ तासात ते जळून जायचं.

दुसरं, चहा. कारखान्यात कटिंग ठरलेल्या वेळेला यायचा. आता घरी काकूंबरोबर एक, शेजारचे आले की एक, कट्ट्यावर एक, चार-पाच कधी होतात कळत नाही. दोन चमचे साखर आणि दूध घातलेला एक कप म्हणजे 70-80 कॅलरी. चहा बंद करा असं मी सांगणार नाही, दिवसाला दोन ठेवा, साखर अर्धा चमचा, आणि खारी-टोस्ट-बटर बाजूला. एवढ्यानंच तुमचे 200 च्या वर कमी होतील. तिसरं, नातवाच्या ताटात राहिलेलं. टाकवत नाही म्हणून आजोबा खातात, ते रोजचं असतं. त्याला कमी वाढायला सांगा सुनेला.

आणि उपवास. सोमवार धरत असाल तर धरा, श्रद्धेचा विषय आहे, पण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचे वेफर्स असं असेल तर तो दिवस वजनाच्या हिशोबानं सगळ्यात जड दिवस ठरतो. एक भरलेली प्लेट खिचडी चारशे-पाचशे कॅलरी सहज होते. भगर, ताक, राजगिरा, फळ यावर करा.

मात्र एक चूक करू नका. घाबरून एकदम एका वेळचं जेवणच सोडायचं, नुसत्या सूपवर राहायचं, कोणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर फळंच खायची, असं नाही. कारण तुमच्या वयात वजनापेक्षा मोठा धोका मांसाचा आहे, म्हणजे स्नायूंचा. काम थांबलं की दोन गोष्टी एकदम होतात, पोटावर चरबी चढते आणि मांड्या, दंड बारीक होतात. म्हणजे काट्यावर 7 किलो वाढ दिसत असली तरी आत चरबी कदाचित त्याहून जास्त वाढलेली असते आणि स्नायू थोडे घटलेले असतात. अशात उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर उरलेले स्नायू पण जातात, मग चक्कर, पडणं, जिना चढताना दम, आणि परत नेहमीचं खायला लागलं की वजन परत येतं, ते चरबीचंच येतं.

स्नायूंची परीक्षा घरी करता येते. साधी खुर्ची, हात नसलेली, भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे, आणि 30 सेकंदात किती वेळा पूर्ण उठून परत बसता येतं ते मोजा, काकूंना शेजारी उभं करा. 60 ते 64 वयाच्या पुरुषाला 14 पेक्षा कमी आले तर पायाची ताकद कमी समजतात. कितीही आले तरी व्यायाम तोच, दिवसातनं दोनदा दहा-दहा वेळा खुर्चीतनं हात न लावता उठणं, ओट्याला धरून टाचा वर उचलणं दहा-पंधरा वेळा, आणि भिंतीला हात टेकवून ढकलणं दहा वेळा. श्वास रोखायचा नाही, बीपी आहे तुम्हाला, जोर लावताना श्वास सोडायचा. गुडघ्यात कळ आली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आणि जेवणात रोज प्रोटीन, तुमच्या वजनाला साधारण 65-70 ग्रॅम. घट्ट आमटी किंवा वरण दोन्ही वेळा, एक-दोन वाट्या दही-ताक, मटकी-हुलगा, अंडी चालत असतील तर रोज दोन, चिकन-मासे खात असाल तर आठवड्यातनं दोनदा, रस्सा कमी, पीस जास्त. किडनीचा काही त्रास निघाला तर मात्र हे प्रमाण बदलेल, म्हणून क्रिएटिनिन आधी तपासू.

आता तुमचा थायरॉइडचा प्रश्न. असू शकतो, रक्ताची टीएसएच तपासणी एकदा करून मोकळं व्हा, खर्च फार नाही. पण थायरॉइड कमी झाल्यानं एकट्यानं साधारण दोन ते पाच किलो वाढतं आणि त्यात बरंचसं पाणी असतं. त्याच्याबरोबर बद्धकोष्ठता, कातडी कोरडी, आवाज जड, दिवसभर सुस्ती, आणि बाकीच्यांना उकडत असताना तुम्हाला गार वाटणं असं काहीतरी असतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये कोणी पंखा बंद करा म्हणत असेल तर मी लगेच टीएसएच लिहितो.

थायरॉइडपेक्षा मला जास्त बघायचंय ते पाय. संध्याकाळी नडगीच्या हाडावर घोट्याच्या वर अंगठ्यानं दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे, पाणी आहे, चरबी नाही. तुमची बीपीची गोळी अॅमलोडिपिन असेल तर तिनं पण घोट्याला सूज येते, ती गोळी बदलता येते, मनानं बंद करू नका. पण सुजेबरोबर तीन-चार दिवसांत दोन किलो वाढ, आडवं झालं की दम लागणं, रात्री उठून बसायला लागणं, लघवी कमी होणं किंवा लघवीला खूप फेस असं काही असेल तर ते हृदयाचं किंवा किडनीचं असू शकतं, त्यात माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

दुसरं म्हणजे औषधं. गुडघेदुखीला, कंबरेला कुठनं पुड्या आणता का? हे मी मुद्दाम विचारतोय. माझ्याकडं एक एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर आले होते, वजन वर्षात 9 किलो वाढलेलं, चेहरा गोल, पोट पुढं, हातपाय मात्र काटकुळे, अंगावर जरा लागलं की काळानिळा डाग. ते पण म्हणत होते की रिटायर झाल्यामुळं असेल. विचारता विचारता निघालं की सांधेदुखीवर एका ठिकाणची पुडी आठ-नऊ महिने चालू होती, दोन दिवसात दुखणं थांबायचं म्हणून खूश होते. तपासण्या केल्या, लक्षणं आणि रिपोर्ट दोन्ही स्टेरॉइडकडं बोट दाखवत होते, शुगर पण चढलेली. अशी पुडी चालू असेल तर एकदम बंद करू नका, आतलं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, अचानक बंद केलं तर बीपी खाली जाऊन जीवावर बेततं. ती घेऊन या, आपण हळूहळू उतरवू. शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, इन्सुलिन, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन, झोपेच्या आणि मनाच्या काही गोळ्या यांनी पण वजन वाढतं, म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, नावं आठवत बसू नका.

कामावर तंबाखू किंवा बिडी होती आणि काम सुटल्यावर सोडली असेल तर तेही एक कारण आहे, सोडल्यावर काही किलो वाढतात. फार चांगलं केलंत, वजनासाठी परत हात लावू नका, त्या वजनाचं आपण बघून घेऊ.

मन लागत नाही, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येते, असं असेल तर तेही सांगा, त्याला पण औषध आहे. आणि रात्री मोठ्यानं घोरता का, मध्येच श्वास अडकतो का हे काकूंना विचारा, तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही. पोट वाढलं की हा त्रास सुरू होतो आणि मग बीपी गोळीला दाद देत नाही.

किती उतरवायचं? तुमच्या उंचीला 71 किलो म्हणजे बीएमआय 26, आपल्या भारतीय लोकांसाठी 23 च्या वर जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. 64 ला तुम्ही साडेतेवीसवर होता. पण मी 64 चं टार्गेट देत नाही. पहिल्या सहा महिन्यांत साडेतीन-चार किलो, म्हणजे 67 वर आलात तरी बीपी, शुगर, चरबीच्या रिपोर्टमध्ये फरक दिसतो. काट्यापेक्षा पोटाचा टेप महत्त्वाचा. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, शर्ट काढून मोजा, 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

वजन आठवड्यातनं एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, एकाच काट्यावर. रोज करू नका, खारट खाल्लं, लग्नात जेवलं, की दुसऱ्या दिवशी किलोभर जास्त दिसतं, ते पाणी असतं, दोन दिवसात उतरतं, उगाच जीव खालीवर होतो. वहीत लिहा, चार आठवड्यांची वजनं शेजारी ठेवून बघा. पहिले दोन-तीन आठवडे काहीच हललं नाही तरी चालेल. दोन महिन्यांनी पावलं सात हजारावर, चहा दोनवर आणि चटणीवरचं तेल बंद, हे सगळं खरंच होऊनही वजन आणि पोट दोन्ही जागेवरच असेल तर मला परत लिहा, मग आपण आणखी खोलात जाऊ.

त्याआधी एवढ्या तपासण्या उपाशीपोटी करून घ्या: टीएसएच, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, चरबीचं लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लिव्हरसाठी एसजीपीटी, हिमोग्लोबिन आणि लघवी. शुगर मागच्या वर्षी नॉर्मल होती म्हणून सोडू नका, पोटावर 7 किलो चढल्यावर मागच्या वर्षीचा रिपोर्ट धरता येत नाही. शुगर निघाली आणि कोणी गोळी चालू केली, तर खाणं कमी करण्याच्या आधी त्यांना सांगा की मी चहा-साखर-भात कमी करतोय आणि चालणं वाढवतोय, कारण काही गोळ्यांनी मग शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यासमोर अंधारी येते. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटात बरं वाटलं नाही तर परत एकदा प्यायची, आणि त्याच दिवशी डोस बदलून घ्यायचा. रिपोर्ट, गोळ्यांची पिशवी आणि पावलांची चार दिवसांची वही घेऊन सकाळच्या वेळी या, काकूंना पण बरोबर आणा, स्वयंपाकघरातलं मला त्यांच्याशीच बोलायचंय.